यात्रा रद्द : परतावा की पुढची तारीख?

सन 2024 चा पहिला दिवस सोमवारी उगवला. त्या सकाळी देशाच्या अनेक भागांत ट्रक आणि टँकरच्या चालकांनी गाड्या रस्त्यातच उभ्या केल्या. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मधील दुसऱ्या पोटकलमात, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. जुन्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूस जास्तीत जास्त दोन वर्षे होती. चालकांचा रोष या फरकावर होता. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मीरा-भाईंदरजवळ रास्ता रोको झाला. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील तेलकंपन्यांच्या डेपोतून टँकर बाहेर पडेनासे झाले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गावोगावच्या पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या.

वडाळ्यात ही बातमी समजायला वर्तमानपत्राची गरज नव्हती. ट्रक टर्मिनल, अँटॉप हिलची गोदामे आणि शिवडीपर्यंत पसरलेल्या तेलाच्या टाक्या यांच्या शेजारी राहणाऱ्या व्यापारी कुटुंबांना ट्रक थांबले म्हणजे काय थांबते हे पाठ असते. माल अडकला तर काय करायचे तेही ठाऊक असते. मात्र त्याच आठवड्यात यात्रेच्या बसमध्ये पस्तीस माणसे बसायची असतील, तर निर्णय निराळा होतो. तो कळवणारा निरोप कसा लिहावा आणि त्यामागचा हिशेब कसा मांडावा, हा या लेखाचा विषय आहे.

उदाहरणापुरते असे धरू की वडाळ्याच्या एका लहान सहल-आयोजकाने गजपंथा आणि मांगीतुंगी अशी तीन दिवसांची यात्रा ठरवली आहे. मंगळवार, 2 जानेवारीला पहाटे पाचला निघून गुरुवारी रात्री परत. प्रवासी पस्तीस. प्रत्येकी 6,000 रुपये आणि त्यावर पाच टक्के जीएसटीचे 300, असे 6,300 रुपये सर्वांनी डिसेंबरातच भरले आहेत. आयोजकाकडे 2,20,500 रुपये जमा आहेत. बसमालकाला 20,000, धर्मशाळेला 5,000, आचाऱ्याला 6,000 असे आगाऊ पैसे दिलेले आहेत आणि 4,000 रुपयांची भाजी व दूध सोमवारी दुपारीच घरात आले आहे.

सोमवारी दुपारी आयोजकासमोर पहिला प्रश्न असतो तो रस्त्याचा, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ते विचारतात, नाशिकचा महामार्ग चालू आहे का? त्या घटकेला तो चालू असूही शकतो. पण आंदोलन संघटनेने तारीख देऊन पुकारलेले नसेल, चालकांनी आपापल्या ठिकाणी सुरू केलेले असेल, तर कुठला नाका केव्हा अडेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून विचारायचा खरा प्रश्न परतीचा असतो. नाशिक जिल्ह्याच्या पंपांवर इंधन येते ते मोठ्या प्रमाणात मनमाडहून, आणि तिथलेच टँकर उभे आहेत. वडाळा ते मांगीतुंगी जाऊन-येऊन साधारण सहाशे किलोमीटर होतात. मोठी बस एका लिटरला चारएक किलोमीटर चालते असे धरले तर दीडशे लिटर डिझेल लागते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर निभावते. पण वर्षअखेरची एक फेरी करून रविवारी रात्री परतलेल्या बसची टाकी बहुधा अर्धीमुर्धी असते. बसमालकाला फोन करताना ‘गाडी येईल ना?’ असे न विचारता ‘टाकीत आत्ता किती आहे?’ असे विचारले की उत्तर लगेच स्पष्ट होते.

दुसरी अडचण जैन यात्रेपुरती आहे, आणि सर्वसाधारण सहल-कंपन्यांच्या नियमावलीत ती सापडत नाही. जानेवारीच्या आरंभी या भागात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांचे जेवण व पाणी त्याआधी व्हायला हवे. बस दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत एखाद्या नाक्यावर अडकली, तर सामान्य प्रवाशाला ती गैरसोय वाटेल, पण त्या ज्येष्ठांना दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी व तहानलेले राहावे लागेल. ढाब्यावर थांबून भागवता येईल असा पर्याय त्यांच्यापुढे नसतो. रस्ता उघडा असण्याची शक्यता निम्मी असली तरी अशी यात्रा काढू नये, याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

निर्णय रद्द करण्याचा झाला, तर निरोप एक नव्हे, दोन जातात. पहिला दुपारी दोनच्या सुमारास, अगदी छोटा : आंदोलन सुरू आहे, यात्रेचा निर्णय आज रात्री आठ वाजता कळवला जाईल, तोवर कोणी घाबरून आपले नाव काढू नये. शेवटचे वाक्य उगाच घातलेले नाही. प्रवाशाने स्वतः नाव काढले तर पावतीवरील रद्दशुल्काची अट लागू होते, आयोजकाने यात्रा रद्द केली तर ती लागू होत नाही. दुपारी चार वाजता भीतीने ‘आम्ही येत नाही’ असे कळवणाऱ्या कुटुंबाचे पैसे कापले जावेत आणि रात्री आठपर्यंत थांबलेल्या शेजाऱ्याला पूर्ण मिळावेत, हे कागदावर बरोबर असले तरी एकाच इमारतीत राहणाऱ्या माणसांत टिकणारे नाही. ज्यांनी आंदोलन सुरू झाल्यानंतर नाव काढले त्यांनाही आयोजकाने रद्द केल्याप्रमाणेच धरावे. पहिला निरोप हा वाद उद्भवूच देत नाही.

दुसरा निरोप रात्री आठचा. तो साधारण असा असावा :

सोमवार, 1 जानेवारी 2024, रात्री 8.00. सर्व यात्रेकरूंना सादर जयजिनेंद्र. चालकांच्या अचानक आंदोलनामुळे महामार्ग अडवले जात आहेत व परतीच्या इंधनाची खात्री नाही. म्हणून उद्या, मंगळवार 2 जानेवारी रोजी पहाटे 5 वाजता वडाळ्याहून निघणारी गजपंथा-मांगीतुंगी यात्रा आयोजकांकडून रद्द करण्यात येत आहे. उद्या पहाटे कोणीही बसथांब्यावर येऊ नये. आपल्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, भरलेली संपूर्ण रक्कम 6,300 रुपये परत. दुसरा, त्याच रकमेत शुक्रवार 26 ते रविवार 28 जानेवारी या तारखांना यात्रा. वाढीव खर्च आकारला जाणार नाही. आपला पर्याय सोमवार, 8 जानेवारी रात्री 8 पर्यंत कळवावा. तोपर्यंत उत्तर न आल्यास परतावा हवा असे समजले जाईल. परतावा ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात 15 जानेवारीपर्यंत जमा होईल. नव्या तारखेस किमान 29 यात्रेकरू न झाल्यास ती यात्राही होणार नाही व सर्वांची पूर्ण रक्कम त्याच मुदतीत परत केली जाईल. परताव्यासाठी कोणालाही पिन, ओटीपी किंवा कोणत्याही दुव्यावर माहिती देण्याची गरज नाही. ज्या घरांत ज्येष्ठांकडे मोबाइल नाही त्यांना आज रात्री 9 पर्यंत दूरध्वनी केला जाईल.

यातील प्रत्येक वाक्याला काम आहे. माथ्यावर वार, तारीख आणि वेळ लिहिली आहे, कारण असे निरोप पुढे पाठवले जातात आणि आठवड्याने कुठल्यातरी दुसऱ्या गटात उगवून दुसऱ्याच यात्रेच्या प्रवाशांना गोंधळात पाडतात. पिन व ओटीपीचे वाक्य घातले आहे, कारण परतावा जाहीर झाला की फसवणारेही जागे होतात. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे येण्यासाठी तो कधीच लागत नाही. शेवटचा दूरध्वनी सर्वांत महत्त्वाचा आहे. पहाटे पाचला थंडीत पिशवी घेऊन थांब्यावर उभी राहणारी आजी व्हॉट्सॲपच्या गटात नसते.

पण खरा भार दोन वाक्यांवर आहे : उत्तर न आल्यास परतावा, आणि किमान 29. त्यांच्यासाठी थोडे सविस्तर थांबावे लागेल.

बहुतेक आयोजक उलटे लिहितात. ‘कळवले नाही तर आपले नाव पुढील तारखेस धरले जाईल.’ ते सोयीचे असते, कारण पैसा हातात राहतो. व्यापारी माणसाने मात्र या वाक्याकडे खातेवहीच्या नजरेने पाहावे. यात्रा झालेली नाही, म्हणजे सेवा दिलेली नाही. हातात असलेले 6,300 रुपये प्रवाशाचे आहेत. पुढची तारीख स्वीकारणे म्हणजे प्रवाशाने आयोजकाला बिनव्याजी दिलेले उसने आहे. उसने घेताना देणाऱ्याचा होकार लागतो, त्याचे मौन पुरत नाही.

हा विचार सर्वोच्च न्यायालयातही एकदा झाला आहे, तोही याहून कितीतरी मोठ्या रकमांच्या बाबतीत. सन 2020 च्या टाळेबंदीत विमानकंपन्यांनी प्रवाशांचे पैसे परत न करता पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायला सुरुवात केली. 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालात न्यायालयाने केंद्र सरकारने मांडलेली व्यवस्था मान्य केली. टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचे पैसे तत्काळ परत करायचे होते. त्याआधी काढलेल्या तिकिटांसाठी, आर्थिक अडचणीतील कंपनीला रक्कम जमा ठेवण्याची मुभा मिळाली, पण ती फुकट मिळाली नाही. जमा रकमेत 30 जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर 31 मार्च 2021 पर्यंत दरमहा पाऊण टक्का वाढ द्यायची होती. प्रवाशाला ती जमा दुसऱ्याच्या नावे करता येणार होती. 31 मार्चपर्यंत वापरली नाही तर पैसे परत करायचे होते. हा निकाल विमानांपुरता आणि त्या टाळेबंदीपुरताच होता; वडाळ्याच्या बसयात्रेला तो बांधील करत नाही. पण त्यातील तीन गोष्टी कुणालाही उचलता येतात : अडवलेल्या पैशाला किंमत असते, जागा दुसऱ्याला देता यावी, आणि शेवटची तारीख असावी. चार आठवड्यांसाठी व्याज देण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. त्याऐवजी ‘वाढीव खर्च आकारला जाणार नाही’ हे वाक्य आहे. सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीत बस महाग पडते. तो फरक आयोजकाने सोसणे हीच त्या उसन्याची किंमत.

मग कायदा पूर्ण परतावा द्यायला लावतो का? भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि त्याची तीन कलमे येथे पुरतात. करार झाल्यावर त्यातील काम अशक्य झाले तर कलम 56 प्रमाणे करार रद्दबातल होतो. अशक्य याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा नसतो. 1954 मध्ये सत्यब्रत घोष यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यवहाराच्या दृष्टीने करारामागचा पायाच उखडला गेला तरी ते अशक्य मानता येते. मात्र काम केवळ महाग किंवा त्रासाचे झाले म्हणून सुटका होत नाही, हेही त्याच न्यायालयाने 2017 मध्ये वीजकंपन्यांच्या कोळशाच्या दराबाबत ठणकावले. कलम 65 म्हणते की करार रद्दबातल ठरला तर त्यापायी ज्याला जे मिळाले ते त्याने परत करावे किंवा त्याची भरपाई द्यावी. झालेला खर्च वजा करण्याची स्वतंत्र मुभा या कलमात लिहिलेली नाही. आणि कलम 32 प्रमाणे, अमुक घडले तर अमुक होईल असे दोघांनी आधीच कागदावर ठरवले असेल तर ते चालते.

म्हणून सगळे पावतीपुस्तकावर येऊन ठेपते. पावतीवर ‘बंद, आंदोलन किंवा रस्ता अडल्याने आयोजकाने यात्रा रद्द केल्यास प्रत्यक्ष बुडालेला खर्च हिशेब दाखवून वजा केला जाईल’ असे छापलेले असेल, तर वजावट करता येते. काहीच छापलेले नसेल तर पूर्ण रक्कम परत द्यावी, यातच शहाणपण आहे. ‘कोणत्याही कारणास्तव पैसे परत मिळणार नाहीत’ असे छापलेली पुस्तके आजही वापरात आहेत. ती वाक्ये ग्राहक आयोगासमोर फारशी टिकत नाहीत आणि शेजाऱ्यासमोर तर मुळीच नाहीत.

आता आपल्या उदाहरणात बुडाले किती ते पाहू. बसमालक तयार आहे. 20,000 रुपये पुढच्या तारखेकडे वळवतो. धर्मशाळाही 5,000 पुढे धरते. आचाऱ्याने तीन दिवस मोकळे ठेवले होते, त्याने 6,000 पैकी 3,000 ठेवून घेतले आणि त्यात काही गैर नाही. भाजी-दुधाचे 4,000 गेले. कोरडा शिधा शाबूत आहे. एकूण 7,000 रुपये, म्हणजे पस्तीस जणांत प्रत्येकी 200. पावतीवर अट असती तर हे 200 वजा करून हिशेबाचा कागद सोबत पाठवता आला असता. वरच्या निरोपात पूर्ण रक्कम लिहिली आहे, कारण उदाहरणातील पावतीवर अट नाही.

हे 7,000 विसरून चालत नाही, कारण किमान संख्येचा आकडा त्यांच्यावरच उभा राहतो. प्रत्येक प्रवाशामागे कर वगळून 6,000 रुपये येतात. त्याच्या जेवणाचा, मुक्कामाचा व किरकोळ खर्च 3,000 धरला तर बस आणि आचारी यांच्यासाठी माणशी 3,000 उरतात. मूळ तारखेला बसचे टोल व चालकभत्त्यासह 60,000 आणि आचाऱ्याचे 12,000 असा 72,000 चा ठोक खर्च होता. पस्तीस जणांचे 1,05,000 उरून आयोजकाच्या पदरात 33,000 पडले असते. नव्या तारखेला जोडसुट्टीमुळे बस 68,000 ला पडते. आचाऱ्याचे 12,000 आणि आधीच बुडालेले 7,000 धरून बेरीज 87,000 होते. तिला 3,000 ने भागले की 29 येतात. अठ्ठावीस जण आले तर आयोजक खिशातून भर घालतो.

हा आकडा मनात ठेवून निरोपातून वगळला, तर काय घडते हे सहल-व्यवसायात सर्वांनी पाहिले आहे. बावीस जण नवी तारीख स्वीकारतात. आयोजक आणखी नावे येतील म्हणून वाट पाहतो, वीस तारीख उलटते, मग ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ म्हणून यात्रा पुन्हा पुढे ढकलली जाते. आता आंदोलन नाही, रस्ते मोकळे आहेत आणि कलम 56 चा आधारही नाही. दुसऱ्यांदा रद्द करणारा आयोजक स्वतःच करार मोडणारा ठरतो. आकडा आधीच लिहिला असेल तर 8 तारखेच्या रात्री मोजणी होते आणि पुढचा गुंता टळतो. बावीसच झाले तर लहान गाडी घेऊन, भाड्याचा नवा हिशेब सर्वांना सांगून, त्यांची संमती घेऊन निघता येते; पण ती नवी यात्रा असते, जुन्या निरोपातील वचन नव्हे.

राहिला कर. परतावा 6,000 चा नव्हे, 6,300 चा द्यायचा, कारण जी सेवा झालीच नाही तिच्यावर कर नाही. नोंदणीकृत आयोजकाने आगाऊ रक्कम घेताना केवळ पावती-व्हाउचर दिले असेल, तर परतावा देताना रिफंड व्हाउचर काढावे. भरलेला कर त्याला आपल्या पुढच्या विवरणात कमी करता येतो. कर-बीजकच देऊन टाकले असेल तर क्रेडिट नोट लागते, आणि तिच्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतची मुदत आहे. नवी तारीख घेणाऱ्यांची आगाऊ रक्कम तशीच पुढे चालते, त्यांना नवे काही द्यावे लागत नाही. ‘कराचे पैसे सरकारकडे गेले, ते आमच्या हातात नाहीत’ हे उत्तर प्रवाशाने मान्य करू नये.

प्रत्यक्षात ते आंदोलन लांबले नाही. मंगळवारी, 2 जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस यांची बैठक झाली, नवे कलम लागू करण्यापूर्वी चर्चा करू असे आश्वासन मिळाले आणि चालकांना कामावर परतण्याचे आवाहन झाले. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम वगळूनच ती लागू करण्यात आली. बुधवारी रस्ते मोकळे दिसू लागले की गटात एखादा निरोप हमखास येतो : ‘एक दिवस उशिरा निघालो असतो तरी चालले असते.’ त्याला उत्तर देण्याच्या फंदात पडू नये. निर्णय सोमवारी रात्री आठला घ्यायचा होता, आणि त्या वेळी बैठक व्हायची होती हेही कुणाला माहीत नव्हते.

आपल्या उदाहरणातील मोजणी 8 तारखेला झाली असे धरू. सत्तावीस जणांनी नवी तारीख कळवली, दोघांनी उत्तर दिले नाही, सहा जणांनी परतावा मागितला. सत्तावीस म्हणजे दोन कमी. उत्तर न देणाऱ्या दोघांना निरोपाप्रमाणे परतावा. पण पैसे पाठवण्यापूर्वी एक दूरध्वनी करायला हरकत नाही. त्यातील एक आजारपणात होते, त्यांनी परतावाच घेतला. दुसरे गावी होते, ते यायला तयार झाले. अठ्ठावीस. परतावा मागणाऱ्या सहांपैकी एका बाईंची शाळेची सुट्टी संपली होती. त्यांनी आपली जागा भाचीला दिली आणि निरोपात तशी मनाई नव्हती. एकोणतीस. सहा जणांचे 37,800 रुपये 12 जानेवारीला ज्याच्या त्याच्या खात्यात गेले, भाचीच्या नावाची पावती नव्याने लिहिली गेली, आणि आयोजकाच्या वहीत 33,000 च्या जागी शून्य आले. बस 26 तारखेला पहाटे पाचला निघाली.